चोर सोडून छायाचित्रकाराला सुळी

हुबळी-धारवाडच्या एका मराठी छायाचित्रकाराचे पत्र आमच्यापुढे आहे. पत्र म्हणजे ई-मेल. मूळ तक्रार एका परदेशी कंपनीला इंग्रजीत लिहिलेली असून तिची प्रत आणि सोबत मराठीत चार ओळी त्यांनी आम्हांकडे धाडल्या आहेत. हे गृहस्थ कोणाच्या नोकरीत नाहीत. लग्नमुंजी, हॉटेलांची माहितीपत्रके, धारवाडच्या संगीतसभा, सिद्धारूढ मठाचा रथोत्सव, उणकलच्या तळ्याकाठची पहाट, जे काम मिळेल ते करून ते संसार चालवतात. पर्यटनाच्या मोसमात आगगाडीने लोंढा, कॅसलरॉक ओलांडून गोव्यातही उतरतात. त्यामुळे हा गृहस्थ सर्वस्वी परका आहे असे आमच्या वाचकांनी समजू नये. कदाचित एखाद्याच्या घरच्या लग्नाचा आल्बम त्यांच्याच हातचा असेल.

अकरा वर्षे खपून त्यांनी आपल्या निवडक छायाचित्रांचे दालन एका संकेतस्थळावर मांडले होते. नवे गिऱ्हाईक आले की त्या दालनाचा पत्ता द्यावयाचा, तेच त्यांचे दुकान आणि तीच दुकानावरची पाटी. मार्च महिन्यात या दालनात चोर शिरला. चोराने तेथे नको ते उद्योग केले. कंपनीने ते उद्योग पाहिले आणि दालनाला टाळे ठोकले. चोर आपल्या वाटेने निघून गेला. टाळे मात्र धन्याच्या नावावर राहिले. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण आपल्याकडे उगीच रूढ झालेली नाही.

घटनाक्रम बारकाईने पाहण्याजोगा आहे, कारण पुढील सारा घोटाळा त्यातच दडलेला आहे. १३ मार्चच्या रात्री एका लग्नाचे काम आटोपून घरी परतल्यावर त्यांना एक संदेश दिसला. ‘आपण दुसऱ्याचे छायाचित्र वापरल्याची तक्रार आमच्याकडे आली आहे. २४ तासांत खुलासा न केल्यास दालन बंद होईल’, असा त्याचा मजकूर होता. छायाचित्रकाराला चोरीचा आरोप जिव्हारी लागतो, हे भामट्यांना नेमके ठाऊक असते. खाली दिलेल्या दुव्यावर बोट ठेवताच कंपनीचेच वाटावे असे पान उघडले. त्यांनी तेथे संकेतशब्द घातला. भ्रमणध्वनीवर ओटीपी आला, तोही घातला. ‘खुलासा मिळाला’ अशी अक्षरे उमटली आणि ते निश्चिंतपणे झोपी गेले.

येथे अनेक वाचक विचारतील की ओटीपी असताना चोरी झालीच कशी? उत्तर सोपे आहे. ते पान बनावट होते. त्यावर टाईप होणारे प्रत्येक अक्षर भामट्याचे यंत्र त्याच क्षणी खऱ्या संकेतस्थळावर टाईप करीत होते. संकेतशब्द तिकडे गेला, खऱ्या कंपनीने खऱ्या मालकाला खरा ओटीपी धाडला, मालकाने तो बनावट पानावर लिहिला आणि तोही तिकडे गेला. दार चोराने उघडले, पण किल्ली फिरवली मालकाच्याच हाताने. ओटीपी हा माणूस ओळखतो, पान ओळखत नाही. ‘पासकी’ नावाची जी नवी पद्धत आली आहे ती या ठिकाणी उपयोगी पडते, कारण ती संकेतस्थळाच्या खऱ्या पत्त्याशीच बांधलेली असते; पत्ता निराळा असला की ती चालतच नाही. ज्यांच्याकडे ती नाही त्यांनी पत्ता वाचण्याची एक सवय लावून घ्यावी. आरंभीच्या दोन उभ्या टिंबांपाठोपाठच्या तिरप्या रेघा सोडून पुढची पहिली तिरपी रेघ शोधावी आणि तिच्यापासून डावीकडे वाचत यावे. तिच्या लगत जे नाव येते तो घरमालक होय. त्याच्याही डावीकडे कंपनीचे कितीही मोठे नाव लिहिलेले असो, ती केवळ भाडोत्री पाटी असते.

पहाटे ३ वाजून १० मिनिटांनी चोराने दालनाशी जोडलेला ई-मेल पत्ता बदलून आपला घातला. कंपनीने नियमाप्रमाणे जुन्या पत्त्यावर सूचना धाडली, ‘हा बदल आपण केला नसल्यास येथे कळवा’. ही सूचना म्हणजे बुडत्याच्या हाती दिलेला दोर. परंतु ती जाहिरातींच्या कप्प्यात जाऊन पडली आणि हे गृहस्थ झोपेत होते. पुढील दोन दिवसांत चोराने भरमसाट व्याजाचे आमिष दाखविणारी ४६ जाहिरात-चित्रे तेथे टांगली. १६ मार्चला कंपनीच्या यंत्राने ती हेरली आणि फसवणुकीच्या प्रचाराबद्दल दालन बंद केले. बंद केल्याची नोटीस कोणत्या पत्त्यावर गेली? चोराच्या! कारण कंपनीच्या दप्तरी आता तोच मालक होता. आमच्या छायाचित्रकाराला ही वार्ता कळली ती एका हॉटेलवाल्याने ‘तुमचा दुवा उघडत नाही’ म्हणून दूरध्वनी केला तेव्हा.

त्यानंतरची धावपळ वाचताना सरकारी कचेरीतील दोन खिडक्यांची आठवण होते. अशा कंपन्यांत चोरीला गेलेली खाती परत देणारा एक विभाग असतो आणि नियमभंगाबद्दल बंद केलेल्या खात्यांचे अपील ऐकणारा दुसरा. पहिल्या खिडकीवर सांगितले गेले, आधी खात्यात प्रवेश करा, मग चोरीची तक्रार द्या. बंद खात्यात प्रवेश करावा कसा? दुसऱ्या खिडकीवर चौकटीत मजकूर भरला तेव्हा उत्तर आले की, आम्ही पुन्हा तपासले, जाहिराती आपल्या खात्यावरूनच निघाल्या, निर्णय कायम. हे उत्तर अक्षरशः खरे होते आणि म्हणूनच निरुपयोगी होते. जाहिराती त्या खात्यावरूनच निघाल्या होत्या. प्रश्न, त्या वेळी खाते कोणाच्या हाती होते, हा होता. आणि तो प्रश्न त्या खिडकीवर कोणी विचारीतच नव्हते.

आता त्यांच्या तक्रारीकडे वळू. चार पानांची ती ई-मेल आम्ही दोनदा वाचली. तिच्यात अकरा वर्षांच्या कष्टांचे वर्णन आहे, घरच्या अडचणी आहेत, कंपनीला दिलेली दूषणे आहेत, न्यायालयात खेचण्याची धमकी आहे. संताप यथायोग्यच आहे. परंतु ज्या कारकुनाला ती वाचावयाची आहे त्याला उपयोगी पडेल अशी वाक्ये तिच्यात तीनच सापडतात, आणि त्यांतले एक चुकलेले आहे. शिवाय उत्तर येईना म्हणून त्यांनी तीच तक्रार तीन निरनिराळ्या पत्त्यांवरून नऊ वेळा धाडली. प्रत्येक वेळी नवा क्रमांक पडला आणि ‘पुनरुक्ती’ म्हणून आधीचे क्रमांक मिटत गेले. अधीर माणूस असेच करतो. आम्हीही कदाचित तेच केले असते.

चुकलेले वाक्य वेळेचे होते. ‘१४ मार्चच्या पहाटे ३.१० ला माझा पत्ता बदलला गेला’, असे त्यांनी लिहिले. भारतीय घड्याळाप्रमाणे ते बिनचूक होते. परंतु अशा कंपन्यांच्या नोंदी बहुधा यूटीसी या जागतिक वेळेत ठेवलेल्या असतात आणि आपले घड्याळ तिच्यापुढे साडेपाच तास चालते. म्हणजे कंपनीच्या वहीत ही घटना १३ मार्चला २१.४० वाजता घडली होती. १४ तारखेच्या पानावर त्या वेळेस काहीच सापडले नाही आणि ‘आपण म्हणता तसा बदल आढळत नाही’ असा शेरा आला. साडेपाच तासांच्या फरकाने एका माणसाचे खरे बोलणे खोटे ठरले. दोन्ही वेळा शेजारी शेजारी लिहिल्या असत्या तर हा प्रसंग टळता.

आमच्या कार्यालयातील एका जाणत्या सहकाऱ्याने त्यांना तक्रार नव्याने लिहून दिली. तिचा सारा भर एकाच गोष्टीवर आहे. ती म्हणजे काळाची एक रेघ ओढणे, रेघेअलीकडचे सारे माझे, पलीकडचे चोराचे. मराठीत तिचा आशय असा:

‘माझे खाते १३ मार्च २१.४० यूटीसी, म्हणजे १४ मार्च पहाटे ३.१० भारतीय वेळ, या क्षणी माझ्या हातून गेले. त्या क्षणी नोंदणीकृत पत्ता बदलल्याची आपलीच सूचना मूळ स्वरूपात सोबत जोडली आहे. ज्या ४६ चित्रांबद्दल खाते बंद झाले ती सर्व या क्षणानंतर चढविली गेली. त्याआधीच्या अकरा वर्षांत माझ्यावर नियमभंगाची एकही नोंद नाही. विनंती एकच: या क्षणाच्या आधीचा पत्ता पुन्हा जोडावा आणि नंतरचा मजकूर माझा धरू नये. मालकीचा पुरावा म्हणून वार्षिक वर्गणीच्या पावत्या आणि तीन छायाचित्रांच्या मूळ नोंदी जोडल्या आहेत. पोलिसांतील तक्रारीची पोच सोबत आहे.’

एवढेच. यातील प्रत्येक वाक्य कारकुनाला आपल्या वहीशी ताडून पाहता येते, आणि तक्रारीचे बळ त्यातच आहे.

‘मूळ स्वरूपात’ या शब्दांवर थोडे थांबावयास हवे. आपण एखादी ई-मेल पुढे धाडतो तेव्हा मजकूर जातो, पण ती कोणत्या यंत्रातून कोणत्या क्षणी निघाली याचा वरचा मथळा गळून पडतो. टपालाच्या पाकिटावरील शिक्के फाडून नुसते पत्र दाखविण्यासारखेच हे आहे. म्हणून ती सूचना उघडून पूर्ण फाईल उतरवून घ्यावी, जिच्या नावाच्या शेवटी .eml असे येते, आणि तीच जोडावी. पडद्याचे छायाचित्र हे दुय्यम. पुढे प्रकरण न्यायालयात गेले तर १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात फाईलचा ‘हॅश’, म्हणजे तिचा अंगठ्याचा ठसा म्हणा ना, नोंदवावा लागतो. फाईल तशीच जपून ठेवली असेल तरच तो जुळतो.

मूळ नोंदींचा मुद्दा तर छायाचित्रकाराच्या खास सोयीचा आहे. पूर्वी फिल्मच्या काळात चित्र कोणी काढले असा वाद निघाला की निगेटिव्ह कोणाच्या पेटीत आहे ते पाहत. आज तीच जागा ‘रॉ’ फाईलने घेतली आहे. दालनात टांगलेली चित्रे लहान केलेली असतात, चोराच्या हाती तेवढीच लागतात. कॅमेऱ्यातून निघालेली कच्ची फाईल छायाचित्रकाराच्याच तबकडीवर असते आणि तिच्या पोटात एक्झिफ नावाच्या नोंदी असतात: दिनांक, वेळ, भिंग, आणि पुष्कळ कॅमेऱ्यांत तर कॅमेऱ्याचा अनुक्रमांकही. तो अनुक्रमांक खरेदीच्या पावतीवरील अनुक्रमांकाशी जुळला की मालकीबद्दल फारसे बोलावे लागत नाही. कॅमेऱ्याचे घड्याळ मात्र बरोबर लावलेले असावे. ते चुकलेले असेल तर तसे आपण होऊन सांगावे.

येथे एक सावधगिरी. आमच्या छायाचित्रकाराने पहिल्या तक्रारीत ‘सर्व चित्रांचा स्वामित्वहक्क माझा’ असे ठासून लिहिले होते. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कोणी मोबदला देऊन छायाचित्र काढवून घेतले असेल आणि उलट करार नसेल, तर पहिला हक्कदार तो मोबदला देणारा ठरतो. म्हणजे लग्नाच्या चित्रांचा कर्ता छायाचित्रकार असला तरी हक्क यजमानांचा असू शकतो. कंपनीच्या वकिलाने या वाक्यावर बोट ठेवले तर बाकीच्या खऱ्या विधानांवरही संशय येतो. खाते आपले आहे आणि चित्रे आपण काढली आहेत, एवढेच सिद्ध करावयाचे असताना अधिक कशाला मागावे?

तक्रार लिहिली, पण ती धाडावी कोणाकडे? मदतीच्या चौकटीत नव्हे. २५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने मध्यस्थ संस्थांसाठी जे नियम प्रसिद्ध केले त्यांप्रमाणे अशा प्रत्येक संस्थेने तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क आपल्या संकेतस्थळावर द्यावयाचे आहेत. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत Grievance Officer असे शब्द असतात, तिथे पोहोचावे. तक्रारीची पोच २४ तासांत आणि निकाल १५ दिवसांत, अशी मुदत त्या मूळ नियमांत ठेवली होती. नियमांत दुरुस्त्या होत असतात, तेव्हा तक्रार देण्याच्या दिवशी लागू असलेली मुदत पाहून घ्यावी. ज्या समाजमाध्यमांचे देशात ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते आहेत त्यांच्यावर आणखी एक बंधन आहे. त्यांनी आपण होऊन मजकूर काढला किंवा प्रवेश बंद केला तर कारण कळवावयाचे आणि प्रतिवादाची वाजवी संधी द्यावयाची. मात्र कारण चोराच्या पत्त्यावर कळविले तर ते कळविणे म्हणावे काय, हा प्रश्न नियम लिहिणाऱ्यांना सुचलेला दिसत नाही.

निकाल पटला नाही किंवा मुदतीत आलाच नाही, तर पुढची पायरी आहे. २०२२ च्या ऑक्टोबरातील दुरुस्तीने तक्रार अपील समित्यांची तरतूद झाली, आणि २०२३ पासून gac.gov.in या संकेतस्थळावर त्यांच्याकडे घरबसल्या अपील करता येते. अधिकाऱ्याचे उत्तर हाती पडल्यापासून ३० दिवसांच्या आत ते करावयाचे. वकील लागत नाही. हे दार पुष्कळांना ठाऊकच नाही आणि म्हणून ते ३० दिवस कंपनीच्याच खिडकीवर डोके आपटण्यात निघून जातात. मर्यादाही सांगितली पाहिजे. ज्या लहानशा परदेशी संस्थेने भारतासाठी अधिकारीच नेमलेला नाही, जिचे येथे कार्यालय नाही, तिच्यावर हा आदेश बजावणे कठीण जाते. वर्गणी भरलेली असल्यास अशा वेळी ग्राहक आयोगाचा मार्ग उरतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो त्याच जिल्ह्यात दाद मागता येते, आणि स्वतःच्या पोटापाण्यासाठी केलेला धंदा ‘व्यापारी हेतू’ ठरत नाही.

पोलिसांकडे जाण्याने काय साधणार, असे आमच्या पत्रलेखकाला वाटत होते. चोर सापडेलच असे आम्हीही म्हणत नाही. तो कोणत्या खंडात बसला असेल देव जाणे. परंतु दुसऱ्याचा संकेतशब्द कपटाने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क खाली नव्हे, ६६-सी खाली गुन्हा आहे (हे कलमांचे क-सी प्रकरण पुष्कळांना चकविते), त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. cybercrime.gov.in वर किंवा ठाण्यात तक्रार दिली की पोच मिळते. ही पोच म्हणजे मालकाने चोरीनंतर लगेच, नुकसानीचा आकडा माहीत होण्यापूर्वी, राजसत्तेपुढे केलेले दिनांकित विधान होय. कंपनीच्या कारकुनाला तिचे वजन वाटते. १९३० हा दूरध्वनी क्रमांक मुख्यत्वे पैसे गेल्यावर तातडीने फिरवावयाचा असतो. येथे पैसे गेले नव्हते.

घाई आणखी एका कारणासाठी करावी लागते. खाते रद्द झाल्यावर नोंदणीची माहिती १८० दिवस जपून ठेवण्याचे बंधन त्याच नियमांत आहे. १६ मार्चपासून मोजले तर ती मुदत १२ सप्टेंबरला भरते. पण हे बंधन नोंदणीच्या माहितीपुरते आहे. टांगलेली चित्रे तितके दिवस ठेवलीच पाहिजेत असे ते म्हणत नाही. गुजरातेतील एका अभियंत्याचे प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. त्याने आपल्या बालपणीची घरगुती चित्रे गूगलच्या साठवणीत ठेवली होती. त्यांत दोन वर्षांच्या त्याला आजी न्हाऊ घालीत असल्याचे एक चित्र होते. यंत्राने ते बालशोषणाचे ठरविले आणि एप्रिल २०२३ मध्ये त्याचे खाते बंद झाले, धंद्याच्या ई-मेलसकट. सर्वत्र दारे ठोठावून अखेर तो गुजरात उच्च न्यायालयात गेला आणि मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने कंपनीला व सरकारला नोटीस काढली. वर्ष पुरे होताच त्याचा सारा साठा पुसला जाईल ही टांगती तलवार तोवर त्याच्या डोक्यावर होती. आजीच्या हाताचे पाणी अंगावर घेणारे पोर पाहून आपल्याकडे कोणाला काय वाटते आणि यंत्राला काय वाटले, यावर निराळा अग्रलेख लिहावा लागेल.

यंत्राने चूक करावी याचे आम्हांला फारसे आश्चर्य वाटत नाही. रोज कोट्यवधी चित्रे पाहणाऱ्या यंत्राकडून काही चुका व्हावयाच्याच. आमचा आक्षेप आहे तो अपील ऐकणाराही तेच यंत्र असावे, किंवा यंत्राचेच उत्तर चिकटविणारा घाईतला माणूस असावा, याला. पत्ता बदलल्यानंतर काही तासांतच खात्याची चाल बदलली, तर बंदीची नोटीस जुन्या पत्त्यावरही जावी, इतकी साधी गोष्ट करण्यास कंपनीला कोणता मोठा खर्च येणार आहे? जुना पत्ता तिच्याच दप्तरी असतो. तो नियमात लिहून टाकावा, अशी आमची केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाला स्पष्ट सूचना आहे.

आमच्या छायाचित्रकाराने नवी तक्रार २ एप्रिलला एकाच पत्त्यावरून, एकदाच, तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे धाडली. पोच दुसऱ्या दिवशी आली. ९ एप्रिलला पुन्हा तेच ठराविक उत्तर आले. ९ मेपर्यंत मुदत होती, तरी त्यांनी न थांबता दोनच दिवसांत अपील दाखल केले आणि त्याचा क्रमांक कंपनीच्या अधिकाऱ्यालाही कळविला. समितीचा निर्णय येण्यापूर्वीच, २८ एप्रिलला, कंपनीने जुना पत्ता जोडून दालन उघडून दिले. दोन ओळींच्या त्या पत्रात दिलगिरी नाही.

दालन उघडले तेव्हा चोराने जागा करण्यासाठी पुसून टाकलेली २१२ छायाचित्रे तेथे नव्हती आणि कंपनीकडेही नव्हती. गोव्यातल्या त्या हॉटेलने मधल्या काळात दुसरा माणूस पाहिला. मूळ फाईली घरच्या तबकडीवर असल्याने चित्रे गेलेली नाहीत, पण त्यांखाली गिऱ्हाइकांनी लिहिलेले अभिप्राय कायमचे गेले. रोज रात्री काम संपल्यावर दहा-बारा चित्रे पुन्हा चढवीत असल्याचे त्यांनी कळविले आहे. सुरुवात सिद्धारूढ मठाच्या रथापासून केली आहे.